सात नंबरची साबणदाणी

मी स्वभावाने वाईट नाही. पण माझ्या स्कोपला कुणी भंगार म्हटलं की माझ्या अंगात येतं.

गेली एकोणीस वर्षं मी कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबची असिस्टंट आहे. म्हणजे शिकवतात दुसरे, परीक्षा घेतात तिसरे आणि जळालेले फ्यूज बदलते मी. लॅबमध्ये सात टेबलं आहेत आणि प्रत्येकावर एक जुना स्कोप आहे, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. त्यांची बटणं मी इयरबडने साफ करते. दर महिन्याला ते बरोबर मोजतायत ना हे बघते. गेल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक आले, त्यांनी एका स्कोपवर टिचकी मारली आणि भर वर्गात म्हणाले, "हे भंगार अजून चालतं?"

तिथेच मी मनात गाठ मारली होती. त्यात त्यांनी माझ्या वहिनीला नापास केलं, म्हणजे गाठीवर गाठ बसली.

या परीक्षकांना सगळी मुलं खात्रीसाहेब म्हणतात. उत्तर बरोबर असो की चूक, ते भुवया चढवून एवढंच विचारतात, "खात्री आहे?" मग थांबतात. मग पुन्हा विचारतात. तिसऱ्या वेळेपर्यंत चांगली शिकलीसवरली माणसं स्वतःचं नाव बदलून सांगतील, अशी ती भुवई आहे. वहिनीने गेल्या वर्षी बरोबर उत्तर दिलं आणि तिसऱ्या भुवईला ते बदललं. दोन ओळी खोडून नवीन लिहिलं आणि गेली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वय बेचाळीस. वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात सतरा वर्षं सोल्डरिंग करते. आठ पायांची काळी चिप, जिला ऑप-अँप म्हणतात, ती बोर्डावर बसवायची, पुढचा बोर्ड घ्यायचा. अशा लाखभर चिपा तिच्या हाताखालून गेल्या असतील. तिला टेस्टिंग विभागात जायचं होतं. तिथे बसणारी काल-परवाची पोरं तिनेच जोडलेले बोर्ड तिलाच समजावून सांगायची आणि ती ओठ मिटून ऐकायची. पण टेस्टिंगला डिप्लोमा लागतो, आणि डिप्लोमात तिचा हा एकच विषय अडकला होता. यंदाचा प्रयत्न शेवटचा. यात गेली तर पुन्हा बसू देणार नव्हते. उरलेली नोकरी हातात सोल्डरिंग गन घेऊनच संपली असती.

आता माझा उपद्व्याप सांगते.

खात्रीसाहेबांची एक रीत आहे. परीक्षेला सर्किटं ते स्वतःच्या घरून आणतात, तीही साबणदाण्यांतून. प्रवासात वापरतात तसल्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या साबणदाण्या, चिकटपट्टीने गच्च बंद केलेल्या. बाहेर तीन टर्मिनल्स असतात, आत जाणारं, बाहेर येणारं आणि जमिनीचं, म्हणजे शून्य व्होल्टचं. शिवाय चिपला वीज देणाऱ्या वायरी. आत एक ऑप-अँप आणि दोन रेझिस्टर, एक दहा किलोओहमचा, एक बावीसचा. झाकणावर लेबल लावून तेवढंच लिहिलेलं. जोडणी मात्र दोनपैकी एक असते. सिग्नल चिपच्या मायनस पायाकडे गेला असेल तर तो उलटा होऊन बाहेर येतो, आतला वर गेला की बाहेरचा खाली. प्लस पायाला दिला असेल तर सरळच येतो. साबणदाणी न उघडता ओळखायचं की आत उलटी जोडणी आहे की सरळ, सिग्नल किती पट मोठा होतो आणि तेवढाच का.

आणि परीक्षा सुरू होण्याआधी खिडकीजवळच्या सातव्या टेबलावर ते स्वतः एक साबणदाणी जोडून दाखवतात. "बघा, ही लाट वर, ती खाली. याला म्हणतात उलटणं." दरवर्षी हेच वाक्य असतं.

त्या दिवशी सकाळी मी लॅब उघडली, सगळे स्कोप तपासले आणि सातव्या टेबलावरच्या स्कोपचं एक बटण दाबून ठेवलं. चॅनल दोनचं 'इन्व्हर्ट'. त्या चॅनलवर येणारी, म्हणजे दुसरी लाट हे बटण पडद्यावर उलटी करून दाखवतं. यंत्रात काही बिघडत नाही, नुसतं चित्र फिरतं. म्हणजे खात्रीसाहेब ऐटीत म्हणणार, "बघा, ही लाट वर, ती खाली," आणि दोन्ही लाटा हातात हात घालून वर जाणार. मग ते गोंधळणार. मग मी शांतपणे पुढे होणार, एका बोटाने बटण सोडणार आणि म्हणणार, "सर, भंगार नाही, बटण आहे." हे वाक्य मी घरून पाठ करून आले होते.

माणसाने इतकी तयारी करू नये.

साहेब आले ते घाम पुसतच आले. यादी बघितली. टेबलं सात, त्यांतली परीक्षेची सहा, आणि यंदा विद्यार्थी निघाले सात. मी तेव्हा दारात सह्या घेत होते. मागे वळले तर साहेब म्हणत होते, "यंदा दाखवणं राहू द्या. सातवं टेबलही परीक्षेलाच घ्या." आणि वाटीतून चिठ्ठ्या उचलून झाल्याही होत्या.

वहिनीच्या हातात सात नंबर.

पुढे जाऊन बटण सोडायचं तर विभागप्रमुख बाईंनी आदल्याच दिवशी माझ्याकडून लिहून घेतलं होतं, की परीक्षेला माझी भावजय आहे, मी तिच्या टेबलाजवळ जाणार नाही, तिच्याशी बोलणार नाही, खुणा करणार नाही. तसं केलं तर तिचा पेपर रद्द होईल. खाली माझी ठसठशीत सही. दाराजवळच्या स्टुलावर बसून पेपर संपेपर्यंत भिंतीकडे बघायचं, एवढंच माझं काम.

मी भिंतीकडे बघितलं नाही. वहिनीकडे बघत बसले.

तिने साबणदाणी जोडली. सिग्नल जनरेटरवरून एक व्होल्टचा सिग्नल आत दिला. स्कोपचा पहिला प्रोब, म्हणजे मोजायची वायर, आतल्या टर्मिनलला, दुसरा बाहेरच्या. पडद्यावर दोन लाटा उमटल्या, एक बुटकी, एक उंच, आणि दोन्ही एकदमच वर, एकदमच खाली. मला दारातून दिसत होतं. म्हणजे सरळ जोडणी. कुणीही हेच लिहिलं असतं. मीसुद्धा.

वहिनी लिहायला वाकली. मी खोकले. देखरेखीला बसलेल्या विभागप्रमुख बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्याले. मग मला एक अक्कल सुचली. घाबरलेल्या माणसाला सुचते ती. माझ्या स्टुलाशेजारीच लॅबचा मेन स्विच आहे. मी पाठ टेकल्यासारखं करून कोपराने तो पाडला. सगळे पडदे काळे झाले. "अरे, लाइट गेली वाटतं," असं म्हणून मी दहा सेकंदांनी परत लावला. वाटलं, आता नवीन सुरुवात होईल, वहिनी सगळी बटणं एकदा बघून घेईल.

पण माझे स्कोप जुन्या घाटाचे. दाबलेलं बटण आत अडकून बसतं, पुन्हा दाबल्याशिवाय बाहेर येत नाही, वीज गेली काय नि आली काय. एकोणीस वर्षं ती बटणं पुसतेय आणि हे मला स्विच पाडल्यावर आठवलं. वर खात्रीसाहेब मोठ्याने म्हणाले, "वायरिंगही भंगारच दिसतंय." तेही मी गिळलं.

वहिनीने मात्र काहीच तक्रार केली नाही. लाटा परत आल्यावर ती पडद्यावरची घरं मोजायला लागली. बोटाने, एकेक करून. बुटकी लाट दोन घरं. उंच लाट चार घरं आणि वर थोडंसं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, वहीत काहीतरी मांडलं, परत मोजलं. मग लेबल वाचलं. मग पेन टोपणात घालून नुसती बसून राहिली. वहिनी अशी बसते तेव्हा घरात कुणीतरी खोटं बोललेलं असतं.

साहेब एकेक टेबल करत खिडकीपाशी पोचले. लॅबमध्ये एवढी शांतता होती की मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"हं. काय आहे आत?"

"उलटी जोडणी. उणे दोन पूर्णांक दोन पट."

मी स्टुलावर सावरून बसले. साहेबांनी हातातली यादी बघितली. कुठल्या साबणदाणीत काय आहे हे त्यांनी घरी लिहून आणलेलं असतं. मग पडद्याकडे बघितलं. लाटा जोडीने वर, जोडीने खाली. परत यादी, परत पडदा. आणि मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, यादीतलं काहीतरी खोडलं आणि शेजारी दुसरं लिहिलं.

"बाई, दोन्ही लाटा एकदमच वर जातायत. दिसतंय ना?"

"दिसतंय, सर."

"मग उलटी कशी?" भुवई वर गेली. "खात्री आहे?"

वहिनीने रुमालाने तळहात पुसले. तिचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. "उत्तराची आहे, सर. पडद्याची नाही."

"म्हणजे?"

"आत एक व्होल्ट जातोय. बाहेर दोन पूर्णांक दोन येतायत. लेबलवर दहा आणि बावीस आहे. जोडणी सरळ असती तर तीन पूर्णांक दोन यायला हवे होते. तो एक कुठे गेला?"

"मोजण्यात चूक झाली असेल."

"चार वेळा मोजलं. चारही वेळा तेच आलं."

साहेबांनी हनुवटी खाजवली. "तीन पूर्णांक दोनच का? समजावून सांगा."

गेल्या वर्षी इथवर येता येता तिने उत्तर बदललं होतं. आता तिने टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि मधे कुठेतरी बोट लावून ती आडवी धरली.

"सर, ऑप-अँपला एकच ध्यास असतो. आपले दोन आत घेणारे पाय एकाच व्होल्टेजला ठेवायचे. त्यासाठी बाहेरचं टोक तो लागेल तेवढं हलवतो. उलट्या जोडणीत प्लस पाय जमिनीला असतो, म्हणजे शून्यावर. मग मायनस पायही तो शून्यावरच धरून ठेवतो. मायनस पाय म्हणजे हे माझं बोट. सी-सॉचा खुंटा. इकडे दहाचा हात, तिकडे बावीसचा. दहातून जो करंट आला त्याला चिपच्या पायात शिरता येत नाही, तो सगळा बावीसमधूनच जातो. म्हणून इकडचं टोक एक वर गेलं की तिकडचं दोन पूर्णांक दोन खाली. बावीस भागिले दहा. आणि दिशा उलटी, म्हणून उणे."

"आणि सरळ जोडणीत?"

"फळी तीच, सर. दोन्ही रेझिस्टर तेच. खुंटा तेवढा हलतो." तिने बोट काढून फूटपट्टीचं एक टोक टेबलाला टेकवलं. "आता दहाचं टोक जमिनीला बांधलेलं आहे. सिग्नल प्लस पायावर येतो आणि मायनस पाय त्याच्यामागे जातो. म्हणजे फळी मधून उचलली जाते. खुंट्यापासून दहावर उचलली आणि दुसरं टोक आहे बत्तीसवर. दहा अधिक बावीस. म्हणून तीन पूर्णांक दोन, आणि त्याच दिशेला. बावीस भागिले दहा, अधिक एक. तो एक सरळ जोडणीतून कधीच सुटत नाही. इथे तो नाही. म्हणजे जोडणी सरळ नाही."

फ्यूज बदलणारीलाही कळलं, असं सांगितलं तिने. माझा ऊर भरून आला. त्याच वेळी मला जमिनीत गाडून घ्यावंसंही वाटत होतं.

पण साहेब साहेबच. "समजा, मी घाईत बावीसच्या जागी बारा लावला असेल. दहा आणि बारा. अधिक एक धरून दोन पूर्णांक दोन होतात. मग सरळ जोडणी जमते की नाही?"

आता मात्र मी डोळे मिटले. हिशेब चोख होता.

"जमते," वहिनी म्हणाली. "पण मग तुमचं लेबल खोटं ठरतं, सर. नाहीतर हा पडदा खोटा. दोघांपैकी एक. मला लेबल लावणाऱ्यावर विश्वास ठेवावासा वाटला. तपासून बघू?"

साहेब काही बोलायच्या आत तिने बाहेरच्या टर्मिनलचा प्रोब काढला आणि आतल्या टर्मिनलला लावला. आता दोन्ही प्रोब एकाच जागी. एकाच जागी लावले की दोन लाटा तंतोतंत सारख्याच दिसायला हव्यात, यात कुणाच्याही भुवईला वाव नाही.

पडद्यावर एक लाट वर गेली. दुसरी खाली.

शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी हसला. साहेबांनी चष्मा काढला, घातला, स्कोपच्या तोंडाशी वाकले आणि एक बोट पुढे केलं. खट. बटण बाहेर आलं आणि दुसरी लाट पहिलीवर जाऊन बसली.

"हे कुणी दाबलं?"

वहिनीने खोलीभर नजर फिरवली आणि ती बरोबर दाराजवळच्या स्टुलावर येऊन थांबली. तिला सांगायची गरजच नव्हती. इयरबडने बटणं पुसणारी तिथे दुसरी कोण आहे! ती तोंड उघडणार आणि माझ्यासाठी काहीतरी खोटं बोलणार, हे मला दिसलं. मी उभी राहिले.

"मी दाबलं, सर. तुमच्यासाठी. तुम्ही दाखवायला उभे राहाल तेव्हा तुमची फजिती व्हावी म्हणून. गेल्या वर्षी तुम्ही माझ्या स्कोपला भंगार म्हणालात." पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं होतं.

विभागप्रमुख बाईंनी कपाळाला हात लावला. "सर, या त्यांच्या नणंद आहेत. आम्ही रीतसर लिहून घेतलं होतं की या मदत करणार नाहीत."

"नणंद?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं, बटणाकडे बघितलं. "मग लिहून घ्यायची गरज नव्हती."

सगळी लॅब हसली. मीही हसले असते, पण बाईंनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि खुलासा लिहायला सांगितलं. मी लिहायला बसले. पहिलीच ओळ जमेना.

साहेब गुण मांडायला यादी घेऊन सातव्या टेबलाच्या कडेला टेकले. यादी उघडीच होती. वहिनीने मान तिरकी करून ती वाचली. सात नंबरपुढे निळ्या शाईत 'उलटी' लिहिलेलं, त्यावर लाल रेघ, शेजारी लाल शाईत 'सरळ'.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमचं पहिलंच उत्तर बरोबर होतं. का बदललंत?"

साहेबांचं पेन थांबलं. ते त्या लाल रेघेवर वाकले. मग म्हणाले, "पडदा बघून."

वहिनी म्हणाली, "मी गेल्या वर्षी तुमचा चेहरा बघून बदललं होतं."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी लाल शब्द खोडला, परत 'उलटी' लिहिलं, पुढे गुण मांडले आणि सही केली. गुण किती ते मला दारातून दिसलं नाही. पण वहिनीने रुमाल तोंडावर धरला आणि खिडकीकडे वळून उभी राहिली, तेव्हा मला कळलं. सातव्या टेबलापासून निघताना साहेबांची भुवई जागच्या जागी होती.

मी खुलाशाचा कागद तसाच ठेवून रडले. आनंदानेच रडले, पण त्यात थोडी लाजही होती. सबंध पेपरभर मी तिच्या बटणाची काळजी करत बसले होते. तिच्या डोक्यावर भरवसा ठेवायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

बाहेर पडताना ती माझ्या स्टुलापाशी थांबली. एरवी आमचं एकमेकींना अगंतुगं चालतं. तिचं डोकं फिरलं की तेवढं ती मला मानाने हाक मारते.

"वन्सं," ती म्हणाली, "खुलासा लिहून झाला की घरी या तुम्ही. तो स्विचही तुम्हीच पाडलात ना?"